आधी उजेड सारखा करा, मग सेटिंग बदला

तुम्ही थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या दोन पार्टच्या फोटोंत ०.२ मिमी लेअरचा पार्ट ०.१२ वाल्यापेक्षा गुळगुळीत दिसतोय, पण तो उजेडाचा खेळ आहे. पहिल्यावर उजेड समोरून पडलाय, दुसऱ्यावर बाजूने. बाजूच्या उजेडात प्रत्येक लेअरची सावली पडून रेघा ठळक होतात. दोन्ही पार्ट एकाच फिलामेंटचे काढा (मॅट फिलामेंट रेघा बरंच लपवतं), शेजारी उभे करा, टॉर्च बाजूने धरा आणि एकाच फोटोत घ्या. दोन्हींवर ठरावीक अंतराने तोच पट्टा येत असेल तर लेअरची उंची सोडा, झेड अक्षाचा स्क्रू तपासा.

वॉर्पिंग, म्हणजे पार्टचे कोपरे वर उचलले जाणं, हे वरून काढलेल्या फोटोत कळतच नाही. पार्ट सपाट काचेवर ठेवून कॅमेरा काचेच्या पातळीला आणा, कोपऱ्याखालची फट लगेच दिसेल.