पहिल्या आठवड्यातलं वजन चरबीचं नसतं

प्रश्न: "कर्बोदकं कमी केल्यावर ८ दिवसांत ३ किलो उतरले. नंतरचे ११ दिवस काटा हललाच नाही आणि काल भात खाल्ल्यावर आज दीड किलो वाढलंय. सगळं वाया गेलं का?"

वाया काही गेलेलं नाही. तुमची पोस्ट वाचताना माझेच ते दिवस आठवले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे ९ दिवसांत ३.१ किलो उतरले होते. १ किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे तेवढी चरबी जाण्यासाठी रोज अडीच हजारांहून जास्त कॅलरींची तूट पडायला हवी होती, आणि माझा दिवसभराचा एकूण खर्चसुद्धा तेवढा नव्हता. प्रत्यक्षात माझी तूट रोज ५०० च्या आसपास होती, म्हणजे चरबी गेली फार तर ६०० ग्रॅम. उरलेलं बहुतेक पाणी. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून अंदाजे अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कर्बोदकं थांबली की हा साठा बराच रिकामा होतो आणि पुन्हा खाल्ली की पाण्यासकट परत भरतो. शिवाय इन्शुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात आणि मिठामागून आणखी पाणी जातं.

माझी मोठी चूक यानंतरची. दोन दिवस नेहमीसारखं जेवले तर काटा १.८ किलोने वर. एका आहार केंद्रात जायचे, तिथल्या बाईंनी वही बघून सरळ "तुम्ही चोरून खाताय" असं ऐकवलं आणि ८०० कॅलरींचा तक्ता हातात दिला. खरं तर दोन दिवसांत १.८ किलो चरबी चढायला गरजेपेक्षा जवळजवळ १४,००० कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या! हा हिशोब तिथे कुणी केला नाही, मीही केला नाही. दीड महिना तो तक्ता पाळला, अशक्तपणा आला, केस गळायला लागले आणि शेवटी सगळंच सोडलं. त्या दीड महिन्याचा राग मला अजून येतो.

माझं स्पष्ट मत: पहिले दोन आठवडे हिशोबातच धरू नका. तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि ७ दिवसांची सरासरी मागच्या ७ दिवसांच्या सरासरीशी ताडून बघा. कंबरही बेंबीपाशी टेपने मोजा. सरासरी तीन-चार आठवडे हललीच नाही आणि कंबरही तेवढीच राहिली, तर मात्र तूट पडत नाहीये असं समजा.

मी डॉक्टर नाही, तरी एक सांगते. सुरुवातीला डोकं दुखणं, उठताना चक्कर येणं बरेचदा मीठ-पाणी कमी पडल्याने होतं. पण रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर मीठ आपल्या मनाने वाढवू नका. डोस बदलावा लागू शकतो, त्यामुळे आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.