चढावर येणारा दाब

“बाबांना जिना चढताना छातीत दाब येतो, थांबले की जातो. ईसीजी दोनदा नॉर्मल आला. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. तसं असेल का?”

दोन वर्षांपूर्वी एक भाजीविक्रेते पत्नीसोबत माझ्याकडे आले होते. वय छप्पन्न. “हे उगाच घाबरतात, तुम्ही समजवा,” असं ताईंचं म्हणणं. त्यांनी पिशवीतून ईसीजीच्या दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. मी काकांना एवढंच विचारलं, “नेमकं कधी होतं?” ते म्हणाले, “गाडी पुलाच्या चढावर घेतली की.” आणि बोट न ठेवता अख्खी मूठ छातीच्या मधोमध दाबून धरली. उभं राहिलं की तीन-चार मिनिटांत मोकळं वाटायचं.

पट्ट्या दवाखान्यात, पलंगावर निवांत पडलेले असताना काढलेल्या होत्या. ईसीजी हृदयातले विजेचे संदेश टिपतो, तेही साधारण दहा सेकंदांचे. ठोक्यांची लय, संदेशाच्या वाटेतला अडथळा, त्या वेळी स्नायूला रक्त कमी पडत असेल तर त्याची खूण, हे त्यात दिसतं. रक्तवाहिनी आतून किती अरुंद झाली आहे, हे मात्र त्यात दिसत नाही. अरुंद वाहिनीतूनही झोपलेल्या माणसाला पुरेल इतकं रक्त जातं, म्हणून ईसीजीची रेघ नॉर्मल येते. चढावर गाडी ढकलताना मागणी वाढते आणि तिथे पुरवठा तोकडा पडतो.

निदान करणं माझं काम नाही, पण हे वर्णन मनाच्या खात्यात टाकणं मला पटेना. मी त्यांना त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासून ट्रेडमिल टेस्ट केली. त्यात ईसीजी चालू ठेवून सरकत्या पट्ट्यावर चालवतात आणि दर तीन मिनिटांनी त्याचा वेग आणि चढ वाढतो. दुसऱ्या टप्प्यात तोच दाब आला आणि रेघ खाली झुकली. पुढे अँजिओग्राफीत मोठा अडथळा सापडला. (ट्रेडमिलवरही काही जणांचा दोष नजरेतून सुटतो, तेव्हा डॉक्टर दुसरी तपासणी सुचवतात.) ताई खूप रडल्या. “मी त्यांना भित्रा म्हणत होते.”

बाबांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. किती पायऱ्यांवर दाब येतो, किती मिनिटांत जातो, हात किंवा जबड्याकडे सरकतो का, हे लिहून न्या आणि जुने ईसीजीही सोबत ठेवा. दाब आता कमी श्रमात येऊ लागला असेल, तर आठवडाभरही थांबू नका.

बसल्या जागी दाब आला, विश्रांतीने काही मिनिटांत गेला नाही, किंवा सोबत घाम, धाप असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. हृदयविकाराच्या झटक्याच्या सुरुवातीलाही पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून रुग्णालयात तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही परत तपासतात.