पीएसटी आणि एफपीएफएफला पाच वर्षं होत आली, आता काय करायचं?

प्रश्न: मी डेक कॅडेट आहे. बेसिक सेफ्टीचे कोर्स ऑगस्ट 2021 मध्ये केले, मग कॉलेज झालं. आता फेब्रुवारी 2026 मध्ये नऊ महिन्यांसाठी जहाजावर जायचं आहे. सर्टिफिकेटवर मुदतीची तारीखच छापलेली नाही. सगळे कोर्स परत करावे लागतील का? मेडिकल 3 मार्च 2027 पर्यंत आहे.

उत्तर:

सगळे नाही, फक्त दोन: पीएसटी म्हणजे पाण्यात जीव वाचवण्याचं प्रशिक्षण, आणि एफपीएफएफ म्हणजे आग रोखण्याचं आणि विझवण्याचं. या दोन्हींची उजळणी जानेवारीतच, जहाजावर जाण्याआधी करून घ्या. ऑगस्टपर्यंत थांबलात तर मुदत समुद्रात असतानाच संपेल.

सर्टिफिकेटवर तारीख नाही म्हणजे ते कायमचं झालं, हा समज बराच पसरलेला आहे. मुदत कागदावर लिहिलेली नसली तरी एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमात आहे. बेसिक सेफ्टीचे चार भाग आहेत: पीएसटी, एफपीएफएफ, प्राथमिक प्रथमोपचाराचा ईएफए आणि वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारीचा पीएसएसआर. यांपैकी पहिल्या दोघांसाठी दर पाच वर्षांनी आपलं कौशल्य टिकून आहे याचा पुरावा द्यावा लागतो. ईएफए, पीएसएसआर आणि सुरक्षा कर्तव्यांचा एसटीएसडीएसडी यांना एसटीसीडब्ल्यूमध्ये अशी अट नाही. एखादी कंपनी किंवा जहाजाचं ध्वजराष्ट्र, म्हणजे जिथे ते नोंदलेलं आहे तो देश, त्याहून जास्त मागू शकतं, म्हणून जॉइनिंगची कागदांची यादी मागवून तिच्याशी एकदा ताडून पाहा. पीएसएसआरमध्ये 1 जानेवारी 2026 पासून छळ, दादागिरी आणि लैंगिक अत्याचार रोखण्याचा आणि त्यांना तोंड देण्याचा भाग आला आहे. तुमचा 2021 चा कोर्स त्याआधीचा आहे, तेव्हा त्याबद्दल कंपनीला नावानिशी विचारा.

दोनच विषयांना ही मुदत का, ते प्रात्यक्षिकं पाहिली की कळतं. पीएसटीमध्ये इमर्शन सूट म्हणजे थंड पाण्यापासून वाचवणारा अंगभर पोशाख चढवणं, उंचावरून पाण्यात उडी मारणं, उलटी पडलेली लाइफराफ्ट सरळ करणं, लाइफजॅकेट घालून पोहणं आणि लाइफजॅकेटशिवाय तरंगत राहणं हे सगळं करून दाखवावं लागतं. इमर्शन सूट कुणाच्या मदतीशिवाय पिशवीतून काढून दोन मिनिटांत अंगावर चढला पाहिजे, अशी त्याच्या रचनेचीच अट असते. पाच वर्षं हात न लावलेला माणूस पहिल्या पायातच अडकतो: बूट काढायचे की ठेवायचे हे आठवत नाही, आणि केस हुडखाली नीट न गेल्यामुळे चेहऱ्याच्या कडेने पाणी आत शिरतं. लाइफराफ्टचंही तसंच आहे. गॅसच्या सिलिंडरच्या बाजूला उभं राहून, तळावरचा पट्टा धरून अंग मागे टाकायचं, आणि वारा राफ्टखाली शिरून तिला उचलेल अशा बाजूने हे करायचं. चुकीच्या बाजूला उभे राहिलात तर वारा तुमच्याच विरुद्ध काम करतो आणि सगळी ताकद वाया जाते. वाचून कळलेली ही गोष्ट अंगात राहत नाही.

आता ज्यावरून सर्वांत जास्त गोंधळ होतो ते: "जहाजावर दर महिन्याला ड्रिल होते, मग तीच उजळणी नाही का?" अर्धवट खरं आहे. जहाजावर घेतलेलं प्रशिक्षण आणि अनुभव पुरावा म्हणून धरता येतो, पण नियमात नावं घेऊन दिलेल्या गोष्टींपुरताच. पीएसटीसाठी त्या अशा: लाइफजॅकेट घालणं, ते घालून जहाजावरून लाइफबोटीत किंवा राफ्टमध्ये चढणं, बोटीत चढल्याबरोबरची पहिली कामं, सी अँकर सोडणं, बोटीतली सामग्री वापरणं, आणि रेडिओसकट ठावठिकाण्याची उपकरणं चालवणं. एफपीएफएफसाठी दोनच आहेत: श्वसनयंत्र लावून काम करणं, आणि धूर निर्माण करणारं मान्यताप्राप्त उपकरण वापरून धुराने भरलेल्या जागेतून माणूस बाहेर काढणं. उडी, उलटी राफ्ट, मोठी आग पाण्याच्या आणि फोमच्या नळीने विझवणं हे त्या यादीत नाही. ते किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रातच करावं लागतं. म्हणून नुसती ड्रिलची नोंद दाखवून पूर्ण उजळणी टळत नाही. शिवाय तुम्ही अजून जहाजावर गेलेलाच नाहीत, तेव्हा तुमच्यासाठी ही वाट आत्ता बंदच आहे. पूर्ण रिफ्रेशर घ्या.

रिफ्रेशरला जाताना दाढी साफ करून जा. हे शिस्तीसाठी नाही. श्वसनयंत्राचा मुखवटा त्वचेला घट्ट बसावा लागतो, आणि खुंटांमुळे कडेने हवा निसटते. सिलिंडरमध्ये किमान 1200 लिटर हवा असते आणि 200 लिटरच्या खाली जाण्याआधी इशारा वाजला पाहिजे, असा नियम आहे. गळका मुखवटा लावलात तर ही हवा ठरल्यापेक्षा खूप आधी संपते आणि शिट्टी धुराच्या खोलीच्या मधोमध वाजते. मुखवटा बसला की नाही ते आत जाण्याआधीच तपासा: हवा बंद करून श्वास आत ओढा. मुखवटा चेहऱ्याला चिकटून राहिला तर ठीक, सुटला तर पट्टे पुन्हा ओढा.

आता तुमच्या तारखा मांडू. ऑगस्ट 2021 ला पाच वर्षं जोडली की ऑगस्ट 2026. फेब्रुवारी 2026 ला चढलात की नऊ महिने नोव्हेंबर 2026 मध्ये भरतात. म्हणजे शेवटचे तीन महिने तुम्ही मुदत संपलेल्या कागदांवर काम करत असाल, आणि त्या काळात एखाद्या बंदरात तपासणी आली तर त्याचा त्रास तुमच्याइतकाच जहाजालाही होईल. भरतीचा माणूस हे हिशोब आधीच करतो आणि अशा कॅडेटला बहुतेक वेळा चढूच देत नाही. जानेवारी 2026 मध्ये दोन्ही रिफ्रेशर केले तर पाच वर्षं तिथून मोजली जातील, म्हणजे जानेवारी 2031 पर्यंत. वरचे सात महिने गेल्यासारखे वाटतील, पण ऐन कॉन्ट्रॅक्टच्या मधे मुदत संपण्यापेक्षा हे स्वस्त आहे. उलट मुदत उलटू दिलीत तर नुसती उजळणी चालेल की मूळ कोर्स पहिल्यापासून करावा लागेल, हे तुमचं प्रशासन ठरवतं, आणि त्या वादात जॉइनिंगची तारीख निघून जाते.

मेडिकलचा हिशोब वेगळा आहे. ते जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, आणि वय 18 पेक्षा कमी असेल तर फक्त एक वर्ष. रंगदृष्टीची तपासणी मात्र सहा वर्षांपर्यंत धरली जाते. तुमचं 3 मार्च 2027 पर्यंत आहे, म्हणजे नोव्हेंबरनंतर तीन महिन्यांहून जास्त मोकळीक आहे. तुमच्या जागी येणारा रिलीव्हर उशिरा आला तरी निभावेल. तरी लक्षात असू द्या की मेडिकल सफरीत असताना संपलं तर ते डॉक्टर उपलब्ध असलेल्या पुढच्या बंदरापर्यंतच चालतं, आणि तेही तीन महिन्यांच्या आत. इथे "सफर" म्हणजे एका बंदरातून दुसऱ्या बंदरापर्यंतचा प्रवास, तुमचं कॉन्ट्रॅक्ट नव्हे. पुष्कळ जण तीन महिन्यांची सवलत आहे एवढंच धरून बसतात आणि वाटेतल्या पहिल्याच बंदरात अडकतात.

पुढे ऑफिसरच्या परीक्षेसाठी आणखी कोर्स लागतील. त्यांतला लाइफबोट आणि रेस्क्यू बोट हाताळण्याचा पीएससीआरबी आत्ताच उरकून टाकावा असं वाटेल, पण त्या प्रमाणपत्रासाठी वय 18 आणि 12 महिन्यांचा सी टाइम, म्हणजे जहाजावर काम केलेला काळ, लागतो. मान्यताप्राप्त कोर्स केला असेल तर सी टाइम किमान सहा महिने. त्यामुळे तो या कॉन्ट्रॅक्टनंतर करा आणि त्याच सुट्टीत प्रगत अग्निशमनाचा कोर्सही करा. या दोघांनाही पाच वर्षांची उजळणी आहे. एकाच महिन्यात केलेत तर पुढे एकाच महिन्यात संपतील आणि एका सुट्टीत दोन्ही होतील. वैद्यकीय प्रथमोपचाराचा कोर्स याच सुट्टीत जोडता येतो, त्याला एसटीसीडब्ल्यूत पाच वर्षांची अट नाही.

ऑफिसर झाल्यावर एक चूक नेहमी होते. ऑफिसरचा परवाना म्हणजे सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी दर पाच वर्षांनी टिकवण्याची एक वाट म्हणजे आधीच्या पाच वर्षांत 12 महिने, किंवा लगतच्या सहा महिन्यांत तीन महिने जहाजावर काम. ती भरली म्हणून पीएसटी, एफपीएफएफ आपोआप चालू राहत नाहीत. टँकरवरच्या ऑफिसरला टँकरवरचं कामही दाखवावं लागतं: पाच वर्षांत किमान तीन महिने, किंवा पर्यायी प्रशिक्षण. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे.

म्हणून वहीचं एक पान घ्या. कागदाचं नाव, मिळाल्याची तारीख, संपण्याची तारीख आणि त्यातून सहा महिने वजा केलेली चौथी तारीख लिहा. सुट्टीचे बेत या चौथ्या तारखेवर बांधा. पिवळ्या तापाच्या कार्डावर जुनी दहा वर्षांची मुदत छापलेली दिसली तर घाबरू नका, जुलै 2016 पासून ते आयुष्यभर ग्राह्य आहे. फक्त पहिल्यांदा लस घेतल्यावर ते दहाव्या दिवसापासून लागू होतं, म्हणून ती जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यावर टाकू नका.

मूळ कागद सोबत घ्या. जानेवारी 2025 पासून एसटीसीडब्ल्यूत इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्रांनाही जागा आहे, पण तुमचे कागद छापील असतील तर मोबाइलमधला फोटो म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र नव्हे. रिफ्रेशरचं सर्टिफिकेट हातात पडलं की केंद्रातून निघण्याआधीच नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशी अक्षरनअक्षर जुळवा. एक अक्षर चुकलं तर दुरुस्तीसाठी परत यावं लागतं, आणि तोवर विमानाचं तिकीट निघालेलं असतं.