वजन वाढलं म्हणून मी खूश झाले होते

"14 महिन्यांच्या बाळाचा दंडघेर 112 मिमी आला, पण पोषण पुनर्वसन केंद्रानं 'दाखल करायची गरज नाही' म्हणून परत पाठवलं. हे बरोबर आहे का?"

असू शकतं. दंडघेर 115 च्या खाली म्हणजे मूल सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, पण तेवढ्यावर ते दाखल होत नाही. समोर बसून उपचाराची पोषक पेस्ट नीट खातंय, सुस्त नाही, सगळं ओकत नाही, ताप किंवा गारठा नाही, सूज नाही, तर त्याचा उपचार घरीच व्हायला हवा. वॉर्डात उलट दुसऱ्यांचा संसर्ग लागतो. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं हे काम केलंय एवढंच.

मात्र पहिल्या दिवशी 'नको' म्हटलेलं मूल आठवड्याभरात 'हवं' होऊ शकतं, आणि तिथेच मी चुकले. एका मुलीचा दंडघेर 113, वजन 6.8 किलो, पेस्ट आवडीनं खायची. घरी पाठवली. पुढच्या आठवड्यात काटा 7.3 वर. मी खूश! आई म्हणाली, "मोजा काढला की पायावर वळ राहतो." मी "घट्ट असेल" म्हणून सोडून दिलं. पिशवीत निम्मी पाकिटं तशीच होती, तीही पाहिली नाहीत. खाणं निम्मं आणि सात दिवसांत अर्धा किलो वाढ, हे जमतंच कसं? ते पाणी होतं.

तीन दिवसांनी मुलगी मलूल, हातपाय गार. धावत नेली, तर टेबलावरच्या माणसानं तक्ता काढला: "वजन-उंचीच्या निकषात बसत नाही." अहो, सुजेचं वजन धरून कसं बसेल! दुपार तिथेच गेली. शेवटी एका नर्सनं पाय दाबून पाहिला आणि आत घेतलं. मुलगी वाचली, पण तो तक्ता आठवला की अजून डोकं फिरतं.

म्हणून दर भेटीला काट्याआधी पाय. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. उचलल्यावर दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज. एकाच पायावर राहिला तर कारण वेगळं शोधा. सूज असेल तर चिठ्ठीवर सगळ्यात वर तेच लिहा, वजन खाली. नुसत्या पावलांवरच्या सुजेला काही ठिकाणी घरीच उपचार देतात, काही ठिकाणी सरसकट दाखल करतात. माझं मत विचाराल तर पाठवाच. सूज तोंडापर्यंत चढली असेल, किंवा सुजेसोबत भूक गेली असेल, तर वाद घालायचाच नाही.

आणखी एक, सूज उतरावी म्हणून लघवीचं औषध कुणी सुचवलं तर देऊ नका. आईलाही आधीच सांगून ठेवा की दाखल झाल्यावर पहिले काही दिवस सुजेचं पाणी जाऊन वजन उतरेल. आमची ती आई तिसऱ्या दिवशी "पोर आणखी वाळली" म्हणत पिशवी भरून निघाली होती.