अंतरा इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला किती वेळ लागतो?

प्रश्न: मी २९ वर्षांची आहे, भांडुपला राहते. दीड वर्ष अंतरा इंजेक्शन घेत होते, शेवटचं १० फेब्रुवारीला घेतलं. आता ऑगस्ट संपत आला तरी काही नाही, पाळी पण धड येत नाही, नुसते डाग दिसतात. माझ्या जावेने हातातलं इम्प्लांट काढलं आणि तिला दुसऱ्याच महिन्यात राहिलं. सासूबाई म्हणतात इंजेक्शनने पिशवी सुकली. अजून किती वाट बघू?

उत्तर:

ताई, पिशवीला काहीही झालेलं नाही. तुम्ही फेब्रुवारीपासून सहा महिने मोजताय म्हणून एवढा घोर लागलाय, पण खरं तर तुमचे मोजायचे महिने मे पासून कुठे सुरू झालेत. मी मुंबईत एका पालिकेच्या दवाखान्यात कुटुंब नियोजनाच्या ओपीडीत नर्स आहे, अंतराची कार्डं रोज हाताखालून जातात, आणि तुमचा हा प्रश्न घेऊन दर आठवड्याला कोणीतरी येतंच, बहुतेक वेळा जाऊ किंवा नणंद यांच्याशी तुलना करून रडवेली होऊनच येते.

आधी जावेचं बघू. इम्प्लांट म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवलेली काडेपेटीच्या काडीएवढी मऊ कांडी, तिच्यातून औषध रोज थोडं थोडं रक्तात येतं. कांडी जागा बधिर करून बारीक चिरेतून बाहेर काढली की औषध येणं त्याच दिवशी थांबतं, बहुतेक बायकांच्या रक्तात ते आठवड्याभरात मोजण्याइतकंही उरत नाही आणि तीन-चार आठवड्यांत बीज तयार व्हायला लागतं. म्हणजे कांडी निघाली की बाई तिच्या नेहमीच्या स्थितीला आली, तिथून पुढे कोणत्याही जोडप्याला लागतो तेवढाच वेळ. जावेला दुसऱ्या महिन्यात राहिलं हे तिचं नशीब चांगलं, पण इम्प्लांट काढल्यावर सुद्धा सहा-आठ महिने लागणाऱ्या बायका भरपूर असतात आणि त्यात काही बिघाड नसतो.

तुमचं इंजेक्शन वेगळ्या जातीचं आहे. आठवा, सिस्टर टोचायच्या आधी ती छोटी बाटली हलवायच्या आणि आत दुधासारखं पांढरं पाणी दिसायचं. ते पांढरं म्हणजे औषधाचे अगदी बारीक कण, १५० मिलिग्राम, न विरघळलेले. स्नायूत गेले की ते खडीसाखरेसारखे हळूहळू विरघळतात, म्हणूनच एकदा टोचलं की तीन महिने काम करतं. पण तीन महिने झाले म्हणून ते संपलं असं होत नाही. तीन महिने ही आपण दिलेली खात्री आहे, त्या मुदतीत गर्भ राहू नये म्हणून पुढचा डोस वेळेवर घ्यायला लावतो, औषध मात्र त्यानंतरही रेंगाळतं. रक्तातून ते मोजता येणार नाही इतकं कमी व्हायला १२० ते २०० दिवस लागतात, कोणाला लवकर कोणाला उशिरा. आणि ते बाहेर काढायचा कुठलाच उपाय नाही, इम्प्लांटसारखी काढता येणारी कांडी नाही की धुऊन टाकणारं औषध नाही. काढा, डिटॉक्स, उपास यांनी एक कण पण लवकर विरघळत नाही, पैसे घालवू नका.

आता तुमचंच कॅलेंडर घ्या. शेवटचा डोस १० फेब्रुवारी. पुढचा १० मेला ड्यू होता, तो तुम्ही घेतला नाही, म्हणजे मे पर्यंत तर इंजेक्शन पूर्ण जोरात होतं, ते महिने प्रयत्नांत धरायचेच नाहीत. १२० दिवस भरले जूनच्या दहा तारखेच्या आसपास, २०० दिवस भरतात ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे तुमच्या अंगात आत्ता आत्तापर्यंत थोडं औषध असणं अगदी शक्य आहे आणि औषध आहे तोवर मेंदूकडून अंडाशयाला बीज पिकव असा निरोप नीट जात नाही. मोठ्या गटांत बघितलं तर इंजेक्शन सोडलेल्या बायकांना शेवटच्या डोसपासून साधारण नऊ-दहा महिन्यांनी दिवस राहतात, तुमच्या हिशोबात ते नोव्हेंबर-डिसेंबर येतं. ते पण मधलं माप आहे ताई, निम्म्या बायका त्याच्या नंतरच्या असतात. ज्यांना पुढे दिवस राहिले त्यांच्यातल्या तीनपैकी दोघींना शेवटच्या डोसपासून वर्षाच्या आत राहिले, आणि दीड वर्षापर्यंत दहातल्या नऊ जणी झाल्या होत्या. काहींना चौथ्या-पाचव्या महिन्यात पण राहतं, म्हणून ज्यांना मूल नकोय त्यांनी इंजेक्शन सोडलं की लगेच कंडोम वापरायला हवा, उशीर होतो या भरवशावर राहू नये.

आणि हो, तुम्ही दीड वर्ष घेतलं म्हणून जास्त उशीर होईल असंही नाही. उशीर शेवटच्या डोसचा असतो, आधीचे डोस एकावर एक साठून राहत नाहीत, एकदाच घेतलेली आणि चार वर्षं घेतलेली बाई या बाबतीत जवळपास सारखीच. सासूबाईंना सांगायचं असेल तर एवढं सांगा की इंजेक्शनमुळे पिशवीचं अस्तर तेवढ्या काळापुरतं पातळ होतं म्हणून पाळी येत नाही, औषध उतरलं की ते परत जाड व्हायला लागतं. सुकणं-बिकणं काही नाही.

डाग दिसतात त्याबद्दल. ती खरी पाळी असेलच असं नाही, औषध उतरताना पातळ अस्तर कुठे कुठे सुटतं त्याचे ते डाग. पण यातली एक गोष्ट फार बायकांना माहीत नसते, पाळी येण्याच्या आधी बीज तयार होतं, त्यामुळे इंजेक्शननंतरची पहिली पाळी न येताच दिवस राहू शकतात. म्हणून पाळीची वाट बघत बसू नका, महिन्यातून एकदा सकाळच्या पहिल्या लघवीची यूपीटी करा, केमिस्टकडे किट मिळतं आणि पालिकेच्या केंद्रात फुकट करून मिळते. विशेषतः कोणी पाळी आणायच्या गोळ्या दिल्या तर आधी यूपीटी झाल्याशिवाय एक पण घेऊ नका. त्या गोळ्या घेऊन थांबवल्यावर जे रक्त जातं त्याने फक्त अस्तर पडतं, बीज त्याने तयार होत नाही, त्यामुळे "पाळी आली म्हणजे सगळं सुरळीत झालं" असा खोटा दिलासा मिळतो आणि एक-दोन महिने उगाच जातात. बीज वाढवायच्या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणून घेणाऱ्या पण मी बघितल्यात, ते तर अजिबात नको, त्या गोळ्या सोनोग्राफीत बीज बघत बघतच द्यायच्या असतात, दोन-तीन बीजं एकदम फुटली तर जुळं-तिळं राहतं.

मोबाइलवरचं अ‍ॅप सध्या बाजूला ठेवा. ते आधीच्या पाळ्यांवरून तारीख काढतं आणि तुमच्या आधीच्या पाळ्याच नाहीत तर ते अंदाज कशावर करणार. त्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध येतील असं बघा, मग बीज कधीही आलं तरी शुक्रजंतू तिथे हजर असतात कारण ते आत तीन-चार दिवस टिकतात. अंगावरून कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं पातळ, ताणलं तर तुटत नाही असं पाणी जायला लागलं तर ती चांगली खूण, ते दिवस सोडू नका. मला माहितीय आपल्याकडे हे बोलायला सोपं आहे, दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दीर, आणि नवरा नाइट शिफ्टला असला की आठवडे निघून जातात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींचं अडलेलं असतं ते इथेच, तपासणीत काही सापडत नाही कारण दोषच नसतो, एकत्र येणंच महिन्यातून एक-दोनदा असतं. हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, त्यात लाजायचं काही नाही, आणि दोघांनी मिळून घरात हे कसं जमवायचं ते ठरवा. गावी चार दिवस जाणं असेल तर बरोबर जा.

थांबायचं कुठपर्यंत ते पण सांगते. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे शेवटच्या डोसला वर्ष होईपर्यंत, पाळी अजिबात सुरू झाली नाही तर स्त्रीरोग तज्ञांना दाखवा, यूपीटीनंतर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या रक्ताच्या साध्या तपासण्या ते आधी सांगतील. पाळी लागली असेल पण दिवस राहिले नसतील तर मोजणी १० मे पासून धरा, पुढच्या मेला वर्ष पूर्ण होतं, तेव्हा दोघांची तपासणी सुरू करायची. तुम्ही पस्तिशीच्या पुढे असता तर मी सहा महिन्यांतच जा म्हटलं असतं. आणि काही गोष्टी असतील तर वयाचा पण विचार न करता आत्ताच जा: इंजेक्शन सुरू करायच्या आधीपासूनच पाळी दोन-तीन महिन्यांनी यायची, स्तनातून दूध येतं, ओटीपोटात इन्फेक्शन होऊन सलाईनवर ठेवलं होतं, किंवा कधी टीबी झाला होता. टीबीचं मी मुद्दाम लिहितेय, आपल्या मुंबईत तो घराघरात आहे आणि पिशवीच्या नळ्यांना होऊन गेलेला टीबी बाईला स्वतःला कळत पण नाही, नळ्या बंद होतात, आणि दोष मात्र इंजेक्शनवर जातो.

मिस्टरांची वीर्य तपासणी मात्र मे पर्यंत थांबवू नका. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता सँपल द्यायचं, सुई नाही काही नाही, आणि तिथे काही निघालं तर तुमचं अख्खं वर्ष वाचतं. आमच्याकडे बाईच्या सगळ्या तपासण्या होऊन फाइल जाडजूड होते आणि नवऱ्याचा एक कागद नसतो, मला याचा खरंच त्रास होतो.

तुम्ही स्वतः आजपासून फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्राम रोज एक सुरू करा, बाळाच्या मणक्याची जडणघडण दिवस राहिल्याचं कळायच्या आतच होते म्हणून ते आधीपासून लागतं. घरात आधी मणक्याचा दोष असलेलं बाळ झालं असेल किंवा तुम्ही फिटची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, मग डोस बराच मोठा लागतो. हिमोग्लोबिन आणि शुगर करून घ्या, आणि त्याच वेळी थॅलेसेमियाची तपासणी करायला सांगा, ती दिवस राहायच्या आधी झालेली बरी.

आणि किटवर दोन रेघा आल्या की नाव नोंदवताना केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख विचारतील, तेव्हा डागांची तारीख ठोकून देऊ नका. अंतराचं कार्ड बरोबर न्या, पाळी नियमित नव्हती असं स्पष्ट सांगा आणि सात-आठ आठवड्यांच्या सुमाराची सोनोग्राफी मागून घ्या, तुमच्यासारख्या केसमध्ये बाळंतपणाची तारीख त्या मापावरूनच धरतात.