कॅन्टिलिव्हर ब्रॅकेट टोकाकडे निमुळता करायचा, पण ताण सगळीकडे सारखा हवा. खोली कशी ठरवू?

प्रश्न: अंबडच्या वर्कशॉपसाठी ब्रॅकेट करतोय. १० मिमी प्लेट, लांबी ६०० मिमी, टोकाला १००० न्यूटन भार. बुडापासून टोकापर्यंत सरळ रेषेत शून्यावर आणला तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. भार P, प्लेटची जाडी b, खोली h आणि ताण σ धरा. टोकापासून x अंतरावर मोमेंट Px असतो आणि ताण 6Px/(bh²). खोलीचा वर्ग होतो, म्हणून ताण सारखा ठेवायला खोली x च्या वर्गमुळाप्रमाणे बदलावी लागते:

h = √(6Px/(bσ))

σ १०० न्यूटन प्रति चौ. मिमी धरला तर तुमच्या आकड्यांत h² = 6x. बुडाशी ६० मिमी, मध्यावर ४२.४, टोकापासून १५० मिमीवर ३०. तुमच्या सरळ रेषेत मध्यावर ३० मिमीच उरतात आणि तिथे ताण दुप्पट, २०० होतो. टोकाकडे तर तो वाढतच जातो.

हा वक्र गॅसकटरने कापत बसू नका. बुडाशी ६० आणि टोकाला ३० अशी सरळ रेषा मारा. ती वक्राला बुडाशी स्पर्श करते आणि पुढे कायम त्याच्या बाहेरच राहते, त्यामुळे ताण कुठेही १०० ओलांडत नाही. अखंड ६० मिमी पट्टीपेक्षा पाव वजन वाचतं, वर टोकाला पिनचं भोक पाडायला जागा मिळते. (वक्राप्रमाणे टोकाला खोली शून्य येते, तिथे शिअर कोण घेणार?)

वाक मात्र तपासा. पोलादाची अखंड पट्टी टोकाला २ मिमी वाकते, वक्राप्रमाणे कापलेली बरोबर ४ मिमी.