ताईच्या तोंडची कॅप्शन, पण बाबांच्या शब्दांत नको

*मुलगी साडेचार वर्षांची आहे, परवा तिला भाऊ झाला. फोटोखाली तिच्या तोंडून कॅप्शन लिहायची आहे, पण जे लिहिते ते खोटंच वाटतं. कसं लिहू? (धुळे)*

लिहायला बसण्याआधी ती बाळाकडे बघून काय बोलते ते दोन दिवस ऐका आणि जसंच्या तसं मोबाइलमध्ये टिपून ठेवा. एवढीशी मुलं भावनेचं नाव घेत नाहीत, दिसेल ते बोलतात.

माझ्या पुतणीचंच सांगते. अमळनेरला तिचा भाऊ जन्मला तेव्हा थंडीचे दिवस, घरोघरी भरीत-पुरीचा बेत. तिच्या बाबांनी लिहिलं होतं, 'देवाने मला सर्वात सुंदर भेट दिली, आता मी जबाबदार ताई झाले.' हे सरळ बाबांचंच बोलणं. पोरगी मात्र बाळाच्या तोंडात डोकावून म्हणाली होती, 'ह्याला दातच नाहीत! भरीत कसं खाईल?' मग आम्ही हे टाकलं:

'हा माझा भाऊ. ह्याला दातच नाहीत! भरीत कसं खाईल? नाव अजून नाही, आत्या बारशाला ठेवणार. मी बोट दिलं तर सोडतच नाही.'

ही सगळी तिचीच वाक्यं, आम्ही फक्त क्रम लावला. तुमच्याकडेही तळहातात बोट दिलं की बाळ मूठ आवळेल. नवजात बाळाची ती आपोआप होणारी क्रिया असते आणि काही महिन्यांत जाते, म्हणून फोटो आताच काढा. फक्त दोघांचे हात दिसले तरी पुरे. मनगटावरच्या दवाखान्याच्या पट्टीवर आईचं नाव असतं, तेवढा भाग कापून टाका.

घरात अहिराणी बोलत असाल तर सुरुवात खुशाल 'मना भाऊ उना!' अशी करा, पण पोरगी खरंच तशी बोलत असेल तरच. आजीची अहिराणी तिच्या तोंडी घातली की ते लगेच कळतं.

एका गोष्टीत जपा. 'ह्याला परत दवाखान्यात देऊन या' असंही मुलं बोलतात. आपल्याला हसू येतं, पण ते टाकलं तर पाहुणे बारशाला आल्यावर 'काय गं, देऊन येऊ का?' म्हणत तिला चिडवत बसतात, आणि आधीच आईची मांडी वाटून घ्यावी लागल्याने ती रुसलेली असते. ते घरातल्या घरात हसण्यापुरतं ठेवा. त्याऐवजी 'आईच्या मांडीवर एका बाजूला मी, एका बाजूला तो' चालेल. त्यात कुरकुर आहे, पण चिडवण्यासारखं काही नाही.

टाकण्याआधी तिला वाचून दाखवा. 'मी असं नाही म्हटलं' म्हणाली, तर ते वाक्य काढा.